स्वेटरचा हाफ शर्ट करायचाय, मदत हवी

उंबरठा
फोटोबद्दल विचारतोय. वडिलांचा एक फोटो आहे, चेहरा इतका छान आलेला दुसरा एकही नाही, आणि आता नवीन काढता येणार नाही कारण ते नाहीत. फ्रेम करून लावायचाय. अडचण अशी की त्यात त्यांनी जाडजूड मरून स्वेटर घातलाय, पूर्ण बाह्यांचा, आणि आईचं म्हणणं असं की हे ते वाटतच नाहीत, त्यांना आयुष्यभर आम्ही हाफ शर्टातच बघितलंय. तर स्वेटर घालवून अर्ध्या बाह्यांचा शर्ट करायचाय.

फोटोत ते खुर्चीत बसलेत. उजेड आपल्या डावीकडच्या खिडकीतून येतोय. डावीकडे दिसणारा हात खुर्चीच्या हातावर टेकवलाय, कोपरात वाकलेला, दुसरा मांडीवर. दोन्ही पंजे स्वच्छ दिसतात. गळ्यातून आतल्या फिक्या निळ्या शर्टाची कॉलर डोकावतेय. फोटोशॉप मला बऱ्यापैकी येतं. चेहऱ्यावरचा रंग उचलून बाहीच्या आकारात भरला, वरून छाया-उजेड रंगवले, पण दुकानातल्या पुतळ्याचा हात लावल्यासारखं दिसतंय. नक्की काय कमी पडतंय?

लोकरीचा_गुंडा
अगदी सोप्पं आहे, घाबरू नका. बाही कापायच्या आधी जिथे कापणार त्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी मशीनने बारीक टाके घालून घ्या, मगच कात्री लावा, नाहीतर सगळी वीण उसवत जाते. मग कापलेल्या कडेवरून नवीन टाके उचलून चार-पाच ओळी रिब विणा म्हणजे काठ गुंडाळला जात नाही. लोकर जुनी असेल तर आधी एकदा धुऊन वाळवून घ्या. हात कशाला लागतायत ते मात्र कळलं नाही?

टवाळ_बोका
गुंडाताई, फोटोतला स्वेटर आहे हो 😂 मशीनखाली स्क्रीन घालावा लागेल.

लोकरीचा_गुंडा
अय्या! मी शीर्षक वाचूनच लिहायला बसले. असू दे, कुणाला खरा कापायचा असेल तर उपयोगी पडेल.

रंगारी_बुवा
उंबरठा, रंग भरताना लेयर नॉर्मल मोडवर ठेवला असणार तुम्ही. कलर मोडवर टाका. म्हणजे स्वेटरच्या खालच्या घड्या, छाया, उजेड सगळं तसंच राहतं आणि फक्त रंग कातडीचा होतो. वरून थोडा ब्लर मारून वीण घालवा. अर्ध्या तासाचं काम आहे, उगाच डोकेदुखी करून घेऊ नका.

धूसर
बुवांचं अर्ध बरोबर आहे, कलर मोड खालचा उजेड राखतो हे खरं. पण तो उजेड कुणाचा आहे बघा ना, स्वेटरचा! लोकरीच्या घड्या, कोपराशी पडलेल्या चुण्या, मनगटावरचा रिबचा फुगवटा, सगळं कातडीच्या रंगात येईल आणि हाताला सुरकुतलेली लोकर फुटल्यासारखं दिसेल. शिवाय स्वेटर गडद मरून आहे, त्याच्यावर कलर मोडने कातडीचा रंग टाकलात तर तेवढाच गडद हात मिळणार. तो उजळवायला गेलं की गडद भागात दडलेले डाग आणि ठिपके वर येतात.

पण उंबरठांचा खरा घोळ रंगाच्या आधीचा आहे. त्यांनी "बाहीच्या आकारात" रंग भरला. बाही म्हणजे हात नव्हे. जाड स्वेटरची बाही आतल्या हातापेक्षा कितीतरी रुंद असते, आणि वरपासून खालपर्यंत जवळपास सारखीच रुंद. खरा हात मनगटाशी बारीक, कोपराच्या जरा खाली सगळ्यात भरलेला, कोपराशी हाडाचा, मग पुन्हा दंडाला भरतो. हा आकारच चुकला असेल तर रंग कितीही जुळवा, पुतळाच दिसणार.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी स्वेटर आणि बाह्या पूर्ण पुसून मागची खुर्ची, भिंत, मांडी वेगळ्या लेयरवर तयार करा, जणू तिथे हात नव्हताच. हात बारीक होणार म्हणजे आत्ता बाहीने झाकलेली पट्टी उघडी पडणार, आणि हात आणि अंग यांच्या मधे एक फट तयार होणार, तिच्यातून खुर्चीची पाठ दिसली पाहिजे. लोक हात आधी करतात आणि मग त्याच्या कडेला क्लोन स्टॅम्पने कोरत बसतात, कड कधीच स्वच्छ येत नाही.

आणि हात रंगवू नका. खरा हात आणा. तुमचाच.

टवाळ_बोका
"तुमचाच हात आणा" हे वाक्य रात्री वाचलं, दार लावून झोपलो.

उंबरठा
धूसर, पटलं. माझा हात चालेल का पण? मी त्यांच्यापेक्षा जरा बारीक आहे, आणि वय... फोटोत ते सत्तरीच्या आसपासचे आहेत.

धूसर
बारीक-जाड ताणून जुळवता येतं, वयाचं नंतर बघू. तुमचा हात घ्यायचं कारण ठेवण, कातडीची जात आणि केसांची दिशा बऱ्याचदा घरात जुळते. त्याहून मोठं कारण म्हणजे तुम्ही खिडकीपाशी तसेच बसू शकता, नेटवरून उचललेल्या हाताला असं बसवता येत नाही.

काढताना: खिडकी तुमच्या त्याच बाजूला. वडिलांच्या नाकाची सावली बघा, कुठल्या बाजूला आणि किती खाली पडलीय, तुमच्या नाकाची तशीच पडेपर्यंत खुर्ची फिरवा. सावलीची कड मऊ असेल तर खिडकी मोठी किंवा जवळ होती, तुमची कड कडक येत असेल तर खिडकीजवळ सरका किंवा पांढरा पातळ पडदा लावा. कॅमेरा जितक्या उंचीवर आणि जितक्या अंतरावर होता अंदाजे तितकाच ठेवा. जवळून काढलेल्या फोटोत पुढे आलेला पंजा आणि मनगट उगाच मोठं दिसतं, ते नंतर लहान करून सुधारत नाही.

आणि महत्त्वाचं, उघड्या अंगाने हाताचा फोटो काढू नका. फिका हाफ शर्ट घालून काढा. बाहीच्या काठाची दंडावर पडणारी सावली, बाहीच्या आतला काळोख, काठाची जाडी, हे सगळं फुकटात खरं मिळतं. हात आणि बाही वेगवेगळीकडून आणून जोडणं यासारखा वैताग नाही.

पानगळ
मी पोर्ट्रेट रंगवते, फोटोशॉपवाली नाही, तरी बोलते. बाहीच्या काठाबद्दल एक गोष्ट बघा. बाहीचं तोंड गोल असतं, आपल्याला ते लंबगोल दिसतं. हात खाली सोडलेला असेल आणि कॅमेरा त्याच्या वर, चेहऱ्याच्या उंचीला असेल तर काठाची पुढची कड खाली झोल घेते. कॅमेरा काठाच्या खाली असेल तर तीच कड वर कमान करते. दंड पुढे आलेला असेल तर त्यानुसार बदलतं. ही वळणाची दिशा चुकली तर बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही पण हात चिकटवलाय हे कळतं. शर्ट घालून काढलेल्या फोटोत सुद्धा कॅमेऱ्याची उंची चुकली की हे चुकणारच, म्हणून तपासून घ्या.

आणि पुतळ्यासारखं दिसण्याचं दुसरं कारण सावलीचा रंग. नवशिके सावली म्हणजे तोच रंग काळा करून लावतात. कातडीची सावली राखाडी नसते, लालसर आणि गडद रंगदार असते, कारण उजेड कातडीत थोडा आत शिरून रक्ताचा रंग घेऊन बाहेर येतो. सगळ्यात जास्त लाली उजेड संपून सावली सुरू होते त्या पट्ट्यात. आणि सावलीच्या बाजूची अगदी शेवटची कड पुन्हा जरा उजळते, बाजूच्या वस्तूवरून परतलेल्या उजेडाने. हात म्हणजे नळकांडं समजून चार पट्टे बघा: उजेड, लाल पट्टा, गडद, परतीचा उजेड.

रंगारी_बुवा
बाई, फोटो जुळवताना इतकी चित्रकला कोण करतं. चेहऱ्याचा सरासरी रंग घ्या, हाताला लावा, ब्राइटनेस जुळवा. मी वर्षानुवर्षं लग्नाच्या अल्बमचं काम केलंय.

पानगळ
केलं असेल हो, पण चेहऱ्याचा रंग हाताला? स्वतःचा हात गालाला लावून आरशात बघा. चेहरा लालसर असतो, हाताच्या आतली बाजू फिकी, बाहेरची उन्हाने रापलेली, कोपर काळपट. सगळं एका रंगाचं केलंत की झाला पुतळा.

धूसर
पानगळ बरोबर. जुळवायचं पंजाशी, कारण हात पंजाला जोडला जाणार, गालाला नाही.

शेवटचा_बाक
धागा वाचतोय. माझा पण हाच प्रॉब्लेम आहे, पासपोर्टसाठी फोटो काढला त्यात स्वेटर आहे आणि मला शर्ट पाहिजे, हीच पद्धत वापरू का? छातीपर्यंतच फोटो आहे म्हणजे हात पण लागणार नाहीत.

मोरपंखी
नको रे बाबा! पासपोर्टच्या फोटोत असले फेरफार चालत नाहीत. स्वेटर काढ आणि दुसरा फोटो काढ, या सगळ्यापेक्षा लवकर होईल.

शेवटचा_बाक
थंडी आहे पण.

टवाळ_बोका
दोन मिनिटं काढ रे, निमोनिया होणार नाही.

उंबरठा
फोटो काढले, भावाने काढून दिले. फिका निळा हाफ शर्टच होता घरात. नाकाच्या सावलीची युक्ती जबरदस्त आहे, त्याशिवाय मी खिडकी चुकीच्या कोनात ठेवणार होतो. आता आकडे देतो. वडिलांचं मनगट फोटोत १२० पिक्सेल रुंद आहे, माझं १८०. स्वेटरची बाही कोपराच्या खाली ३१० पिक्सेल आहे. पंजाच्या उजेडाच्या बाजूचा रंग १९६, १४८, ११८ येतो, सावलीच्या बाजूचा ११२, ७२, ५४. माझ्या हाताचा उजेडाचा २०५, १६०, १४० आणि सावलीचा ९८, ७०, ६२. पुढे?

धूसर
छान, आता करता येईल. आधी माप. १२० भागिले १८० म्हणजे तुमचा हात जवळपास ६७ टक्के करायचा. तुमचा हात मोठा होता हे बरंच झालं, मोठा लहान केला तर बारकावे टिकतात, लहान मोठा केला तर कातडी धुरकट होते. मनगटावर मनगट ठेवा, मग कोपराला कोपर. वडिलांचं कोपर कुठे आहे ते स्वेटरच्या चुण्यांवरून कळेल, आतल्या बाजूला त्या एका जागेवरून फाकलेल्या असतात, तो बिंदू म्हणजे कोपराचा सांधा. लांबी जुळत नसेल तर पपेट वॉर्पने कोपर सरकवा. सगळा हात एकदम ताणला तर मनगटही लांबट होईल.

६७ टक्के केल्यावर तुमचा हात कोपराखाली साधारण किती येतो ते बघा. २००-२१० च्या आसपास आला तर मनगटाच्या पावणेदोनपट झाला, ठीक वाटतं. म्हणजे बाहीच्या ३१० मधले शंभरेक पिक्सेल मोकळे होणार, तेवढी खुर्ची आणि भिंत मागे तयार हवी.

आता रंग. तुमच्या आकड्यांत दोन गोष्टी दिसतात. एक, तुमच्या फोटोत निळा जास्त आहे, उजेडात १४० विरुद्ध ११८. दुसरं, लालमधे उजेड आणि सावलीतलं अंतर तुमच्याकडे जास्त आहे, २०५ ते ९८, त्यांच्याकडे १९६ ते ११२. म्हणून एकच ब्राइटनेसचा खटका ओढून हे जुळणार नाही. हाताच्या लेयरला कर्व्हज लावा, फक्त त्याच लेयरपुरता, आणि तीन चॅनलमधे प्रत्येकी दोन बिंदू घ्या. लालमधे २०५ चा १९६ आणि ९८ चा ११२. हिरव्यात १६० चा १४८ आणि ७० चा ७२. निळ्यात १४० चा ११८, ६२ चा ५४. बास. उजेड आणि सावली दोन्ही एकाच वेळी जागेवर येतात आणि मधलं आपोआप सरकतं.

आता तुमच्याच आकड्यांत पानगळ यांचं म्हणणं तपासा. वडिलांच्या पंजावर उजेडात लाल निळ्याच्या १.७ पट आहे, सावलीत २ पटीच्या वर. म्हणजे सावली जास्त लाल आहे. नुसता काळा मिसळला असता तर गुणोत्तर तेच राहिलं असतं.

रंग घेताना आयड्रॉपर एका पिक्सेलवर ठेवू नका, ११ बाय ११ ची सरासरी ठेवा, आणि बोटांची पेरं, शिरा, नखं टाळा. रिबच्या अगदी लगतचा भागही टाळा, तिथे स्वेटरचा मरून रंग कातडीवर परततो.

पानगळ
मान्य. मी हे डोळ्याने करते, तुम्ही आकड्यांनी 🙂

झिपरी
त्या परतलेल्या रंगावरून सांगते. मी एका मैत्रिणीच्या फोटोतला लाल स्वेटर घालवला होता, तिनेच सांगितलं होतं. हात मस्त जमले. सगळं झाल्यावर काहीतरी खटकत होतं आणि कुणाला सापडेना. मग दिसलं, हनुवटीखाली आणि जबड्याच्या कडेला लाल झाक राहिली होती. स्वेटर गेला पण त्याचा उजेड चेहऱ्यावरच बसलेला. पांढरा शर्ट घातलेल्या माणसाच्या हनुवटीखाली लाल कुठून येणार?

धूसर
हे मी सांगायलाच विसरलो असतो. उंबरठांच्या फोटोत स्वेटर गडद आहे म्हणून झाक कमी असेल, पण असेलच. हनुवटीखालच्या भागावर मऊ मास्क घालून ह्यू-सॅच्युरेशनने लालाचा जोर थोडा कमी करा. आणि गडद स्वेटर जाऊन फिका शर्ट आला म्हणजे खालून उजेडही जास्त परतेल, तेव्हा तो भाग किंचित उजळवा. किंचितच. जास्त केलं तर खालून टॉर्च मारल्यासारखं दिसेल.

मोरपंखी
सगळं वाचतेय आणि मनात येतंय ते बोलूनच टाकते. हा फोटो मग खरा राहतो का? माणूस त्या दिवशी स्वेटरमधे होता.

उंबरठा
हा विचार मीपण केला. मूळ फोटो तसाच राहणार, त्याची प्रिंटही अल्बममधे लावतोय आणि नव्याच्या मागे लिहून ठेवणार आहे की बदललाय. पण आईला ज्यात ते दिसतात तो भिंतीवर.

मोरपंखी
लिहून ठेवणार असाल तर माझी हरकत नाही. घरच्यांचं घरात. ऑफिसातल्या कुणाच्या फोटोवर त्याला न विचारता असले हात लावणारे बघितलेत म्हणून बोलले.

झिपरी
+१, माझ्या मैत्रिणीने स्वतः सांगितलं होतं म्हणून केलं, नाहीतर नाही.

टवाळ_बोका
बरं, मनगटावर घड्याळ घाला, जोड लपतो. फुकटचा सल्ला.

रंगारी_बुवा
बोका पहिल्यांदाच कामाचं बोलला.

धूसर
हसू नका, खरंच करतात लोक. पण वडील घड्याळ घालत नसतील तर आईंना तेच आधी दिसेल. घड्याळाशिवाय जोड असा करा. रिब जिथे संपते त्याच रेषेवर जोडू नका. तिथे रिबची सावली पंजावर पडलेली असते, कातडी किंचित दबलेली असते, आणि तिथेच दोन फोटो भेटले तर बांगडीसारखी रेघ दिसते. जोड पंजाच्या बाजूला थोडा पुढे न्या, मनगटाच्या आडव्या वळीवर, आणि मास्कची कड सरळ न ठेवता वेडीवाकडी ठेवा, उजेडाच्या बाजूला मऊ आणि वळीच्या रेषेवर जरा कडक.

उंबरठा
बसवलं. कर्व्हजचे आकडे टाकल्याबरोबर रंग असा जागेवर बसला की मी खुर्चीतून उठलोच. खुर्चीची पाठ उजवीकडच्या भागातून घेऊन फटीत भरली. जुनी कॉलर तीच ठेवली, खालचा शर्ट माझा, त्याचा निळा कॉलरशी जुळवला, तोही कर्व्हजनेच. आता शंभर टक्के झूमवर बघितलं की हात फार गुळगुळीत आणि स्वच्छ वाटतो, बाकी फोटो जुना दाणेदार आहे. आणि लांबून बघितलं की हात "तरंगतो". कारण कळत नाही.

रंगारी_बुवा
दाण्याचं मला विचारा. नॉइज टाका, मोनोक्रोमॅटिकवर टिक करा, दोन-तीन टक्के. झालं.

धूसर
दिशा बरोबर, बुवा, पण टिकबद्दल आधी मूळ फोटो बघा. भिंतीच्या साध्या भागावर झूम करा. दाण्यात लाल-हिरवे ठिपके दिसत असतील तर मोनोक्रोमॅटिक नको, नुसते काळे-पांढरे दिसत असतील तर हवं. आणि नॉइज टाकायच्या आधी हात मूळ फोटोइतका मऊ करा, कारण जुना कॅमेरा तुमच्या कॅमेऱ्याइतका धारदार नव्हता. पंजाच्या नखाची कड बघा आणि तुमच्या हाताची कड अर्धा-पाऊण पिक्सेल गॉशियन ब्लरने तेवढीच मऊ होते का बघा. आधी ब्लर, मग दाणा. उलट केलंत तर दाणाच पुसला जाईल.

तरंगण्याचं कारण बहुतेक सावली. हात खुर्चीच्या हातावर टेकलाय ना? टेकतो तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ हवी, आणि तिथून दूर जाताना ती रुंद, मऊ आणि फिकी होत जायला हवी. शिवाय स्वेटरच्या रुंद बाहीची जुनी सावली खुर्चीवर आणि मांडीवर तशीच राहिली असेल. हात बारीक झाला आणि सावली जाडीच राहिली तर हात वर उचललेला वाटणार.

उंबरठा
तीच! जुनी सावली. मांडीवर पण होती.

पानगळ
आणि फोटो आडवा उलटा करून बघा. आरशातल्यासारखा. डोळे सरावलेले असतात, उलटा केला की चूक एकदम बोलते.

धूसर
त्याच्या जोडीला सगळ्यात वर एक लेयर पूर्ण राखाडी भरून कलर मोडवर ठेवा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट दिसेल आणि उजेडाची चूक असेल तर कळेल, कारण रंगाची भूल नसते. मग तो लपवा आणि कर्व्हजचा एक लेयर घालून त्याला तीन-चार वेळा वर-खाली नागमोडी करा. फोटो भयंकर दिसेल, पण खरा पंजा आणि नवीन हात यांच्यामधे रंगांचे पट्टे सलग वाहतात की जोडावर तुटतात ते बघा. तुटत असतील तर तिथे अजून जुळलेलं नाही. बघून झालं की दोन्ही काढून टाका.

टवाळ_बोका
नागमोडी करून बघितलं माझ्या एका फोटोवर. मी परग्रहावरून आलोय असं दिसतंय. प्रोफाइलला लावला.

उंबरठा
नागमोडीमधे एका जागी तुटलं, मनगटाच्या आतल्या बाजूला. तिथे वेगळा मास्क घालून लाल थोडा वाढवला, आता सलग आहे. आईला लांबून दाखवलं. म्हणाली शर्ट छान आहे, पण हात त्यांचा नाही, तुझा आहे.

झिपरी
अरे देवा. आया ओळखतात.

धूसर
वय. हे मी नंतर बघू म्हणालो होतो. तरुण हाताला जुना करायला रंग नाही, पोत लागतो. सत्तरीतल्या माणसाची कातडी पातळ असते, पंजामागच्या शिरा मनगटावरून वर चढतात, कोपराजवळ कातडी सैल पडून बारीक चुणी येते, दंडाचा खालचा भाग जरा लोंबतो, केस पांढरे आणि विरळ. तुमच्या हातात हे काहीच नाही. पंजा सत्तरीचा आणि हात पस्तिशीचा.

दोन रस्ते आहेत. एक, ५० टक्के राखाडीचा लेयर सॉफ्ट लाइटवर ठेवून शिरा आणि चुण्या हळूहळू उजळ-गडद करत काढायच्या, पंजावरच्या शिरा जिथे संपतात तिथून पुढे नेत. दुसरा, हात बदलायचा. कुणी वयाने जवळचं आहे का घरात?

उंबरठा
काका आहेत, वडिलांपेक्षा थोडे लहान. पण ते चांगलेच जाड आहेत.

रंगारी_बुवा
जाड हात बारीक करणं सोपं, तरुण हात म्हातारा करणं अवघड. काकांना बसवा.

पानगळ
मला उलट वाटतं. जाड हाताला शिरा दिसत नाहीत आणि कातडी ताणलेली असते, बारीक केला तरी ती ताणलेलीच दिसते. मी शिरा हाताने काढेन. वडिलांचे दुसरे हाफ शर्टातले फोटो आहेत ना, धूसर असले तरी चालतील, शिरांची दिशा कळेल.

धूसर
आकार एकाचा आणि पोत दुसऱ्याचा असंही करता येतं. फ्रीक्वेन्सी सेपरेशन करून तुमच्या हाताचा उजेड-रंग खालच्या लेयरवर ठेवा आणि काकांच्या हाताची फक्त बारीक पोत वरच्या लेयरवर आणा. पण दोन्ही हात एकाच प्रकाशात काढलेले हवेत, नाहीतर चुणीच्या सावल्या उलट्या दिशेला पडतील. आणि सैल कातडीचा लोंबता आकार याने येत नाही, तो वॉर्पनेच द्यावा लागतो. सत्तरीतल्या दंडाला किती झोल द्यायचा यावर माझं आणि पानगळ यांचं जमेल असं वाटत नाही.

पानगळ
नाहीच जमणार. कमी द्या एवढंच सांगते, आई बघणार आहे.

उंबरठा
काका रविवारी येतायत, त्याच खिडकीत बसवतो आणि दोन्ही करून बघतो. एक शेवटचं, पांढरे केस कसे काढू, ब्रशने की काकांच्या हातावरचे उचलू?

झिपरी
उचला. रंगवलेले केस सगळे एका जाडीचे होतात.

रंगारी_बुवा
१ पिक्सेलचा ब्रश, पेन प्रेशर ऑन. उचलत बसू नका.

लोकरीचा_गुंडा
सगळा धागा वाचला आत्ता. तो मरून स्वेटर घरात आहे का अजून? असेल तर उसवू नका हं.